एका ‘च’ची किंमत

भाच्याच्या तापाचा चौथा दिवस होता. तो शिकायला माझ्याकडे पुण्यात राहतो, आणि सप्टेंबरातला ताप म्हणजे दोन दिवसांत जाईल असे धरून मी त्याला पॅरासिटामॉलवर ठेवले होते. चौथ्या दिवशी मात्र लॅबवाल्याला घरी बोलावून रक्त दिले. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. प्लेटलेट ९६ हजार, आणि शेजारच्या रकान्यात नेहमीची मर्यादा छापलेली, दीड ते साडेचार लाख.

शेजारच्या काकू पेजेचे भांडे घेऊन आल्या होत्या. रिपोर्ट त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि निकाल दिला. “डेंग्यूत प्लेटलेट उतरतात. याच्या उतरल्यात. म्हणजे डेंग्यूच आहे.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गात मी काकूंची ती तीन वाक्ये फळ्यावर लिहिली. मी तर्कशास्त्र शिकवते. काकूंनी नकळत मला एका आठवड्याचा पाठ तयार करून दिला होता. वर्गाला विचारले, “बरोबर की चूक?” जवळजवळ सगळ्यांनी बरोबर म्हणून हात वर केला. मी म्हटले, चूक. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, पण तुमच्या भाच्याला खरंच डेंग्यू निघाला तर?”

तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षात यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. या मुलीला उत्तर देता देताच बाकीचे सगळे येते.

घरात ‘युक्तिवाद’ म्हटले की लोकांना वकील किंवा भांडण आठवते. तर्कशास्त्रात तो शब्द फार साधा आहे. काही विधाने आधार म्हणून मांडायची आणि त्यांच्या जोरावर आणखी एक विधान करायचे, ते म्हणजे निष्कर्ष. काकूंची पहिली दोन वाक्ये आधार, तिसरे निष्कर्ष. मधला ‘म्हणजे’ हा त्यांना जोडणारा सांधा. असा युक्तिवाद समोर आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. आधार खरे आहेत का? आणि ते खरे मानले तर निष्कर्ष त्यांच्यावर उभा राहतो का? पहिल्याचे उत्तर डॉक्टर देईल, हवामान खाते देईल, हिशेबनीस देईल. दुसरा प्रश्न तर्कशास्त्राचा. तो आधारांकडे पाहत नाही, सांध्याकडे पाहतो.

आता सांधेही दोन जातीचे असतात, आणि इथे पुस्तकांनी मुलांचा मोठा गोंधळ करून ठेवला आहे. बहुतेक मार्गदर्शिकांत एक ओळ पाठ करायला दिलेली असते: सामान्याकडून विशेषाकडे जातो तो निगामी युक्तिवाद, विशेषाकडून सामान्याकडे जातो तो विगामी. मुले ती परीक्षेत लिहितात आणि मार्कही मिळवतात. पण हे काही खरे नाही. मी दाराशी उभी आहे आणि किल्ली सापडत नाही. किल्ली पर्समध्ये तरी आहे किंवा आतून दाराला तरी लटकते आहे, तिसरी जागा नाही. पर्स पूर्ण उपडी केली, त्यात नाही. म्हणजे ती दाराला आहे. यात ‘सगळे’, ‘प्रत्येक’ असे काहीच आलेले नाही. एक किल्ली, एक पर्स, एक दार. तरीही हा अस्सल निगामी युक्तिवाद आहे. उलट बाजूने पाहा. मंडईतल्या एका आंबेवाल्याकडून मी तीन वर्षे हापूसची पेटी घेतली, तिन्ही वेळा आंबे गोड निघाले, म्हणून यंदाचीही पेटी गोड निघेल असे मी म्हणते. तीन पेट्यांवरून चौथ्या पेटीकडे, म्हणजे विशेषाकडून विशेषाकडेच गेले. आणि हा युक्तिवाद विगामी आहे.

खरा फरक सांध्याच्या दाव्यात आहे. किल्लीच्या युक्तिवादात आधार खरे असून निष्कर्ष खोटा असणे शक्यच नाही. दोनच जागा असतील आणि एक रिकामी असेल, तर दुसरीत ती असणारच. जो युक्तिवाद असा ‘च’ मागतो तो निगामी, आणि ज्याला तो ‘च’ खरोखर मिळतो तो वैध. आंब्याच्या बाबतीत असे नाही. तिन्ही पेट्या गोड निघाल्या हे शंभर टक्के खरे असूनही चौथी आंबट निघू शकते. तिथे आपण म्हणतो निघेल, बहुतेक निघेल, निघायला हरकत नाही. विगामी युक्तिवाद वैध किंवा अवैध नसतो. तो भक्कम असतो किंवा तकलादू असतो, आणि या दोन टोकांमध्ये शेकडो पायऱ्या असतात.

याची एक सोपी चाचणी मी मुलांना देते. युक्तिवादात एक नवी बातमी घाला आणि काय होते ते पाहा. किल्लीच्या गोष्टीत काहीही घाला: बाहेर पाऊस आहे, किल्ली पितळेची आहे, दार शिसवीचे आहे. आधार तेच असतील तर निष्कर्ष हलत नाही. आंब्यांच्या गोष्टीत मात्र एवढेच घाला की यंदा त्या आंबेवाल्याने बाग बदलली. निष्कर्ष लगेच डळमळतो, आणि जुने आधार तर अजून खरेच असतात.

(जाता जाता एक शब्दांची गंमत. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. तिथे निगमन म्हणजे शेवटी पुन्हा सांगितलेला निष्कर्ष. पाश्चात्त्य तर्कशास्त्र मराठीत आणताना तोच धातू निगामीसाठी घेतला, आणि दोन्ही पेपर एकाच वर्षी असलेली मुले दरवर्षी एकाचे उत्तर दुसऱ्यात लिहितात.)

आता फळ्याकडे. काकूंचे वाक्य ‘डेंग्यूच’ असे संपते. म्हणजे त्यांनी निगामी दावा केला आहे, आणि त्याची परीक्षा निगामीच्याच कसावर व्हायला हवी. ती परीक्षा करायला वैद्यक येण्याची गरज नाही. युक्तिवादाचा साचा तसाच ठेवायचा आणि त्यात आपल्या ओळखीचे शब्द भरायचे. वर्गात एक मुलगा नांदेडचा आहे. त्याला विचारले, “पुण्यात राहणारा माणूस महाराष्ट्रात राहतो, मान्य?” मान्य. “तुझे आईवडील महाराष्ट्रात राहतात?” हो. “म्हणजे ते पुण्यातच राहतात?” वर्ग हसला. साचा तोच होता: अमुक असेल तर तमुक असते, तमुक आहे, म्हणून अमुक आहे. दोन्ही आधार खरे आणि निष्कर्ष धडधडीत खोटा. एकदा असे घडले की तो साचा मोडीत निघतो, मग त्यात डेंग्यू भरा की आणखी काही.

‘जर-तर’च्या विधानात ‘जर’नंतरचा भाग पूर्वांग आणि ‘तर’नंतरचा उत्तरांग. उत्तरांग खरे दिसले म्हणून पूर्वांग खरे धरणे हा उत्तरांग-स्वीकाराचा दोष. नाव बोजड असले तरी चूक अगदी घरगुती आहे: एकेरी रस्त्यावरून उलट्या दिशेने गाडी घालणे. डेंग्यूकडून कमी प्लेटलेटकडे रस्ता जातो. पण कमी प्लेटलेटपर्यंत मलेरियाचाही रस्ता येतो, लेप्टोस्पायरोसिसचा येतो, इतर काही विषाणूंच्या तापाचाही येतो. क्वचित तर आजारच नसतो, नळीतल्या रक्तात प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. रस्त्याच्या शेवटी उभे राहिल्यावर माणूस कुठून आला हे नुसत्या त्या जागेवरून कळत नाही.

आपल्याकडे नैयायिकांनी हाच एकेरी रस्ता धूर आणि आग घेऊन समजावला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. कारण जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघर. या ‘जिथे-तिथे’ला ते व्याप्ती म्हणतात. मग कुणी उलटे म्हणाले की डोंगरावर आग आहे म्हणून तिथे धूर असणारच, तर? नैयायिक तापून लाल झालेला लोखंडी गोळा पुढे करतात. आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला लाकूड ओले लागते. सांगणाऱ्याने गाळलेल्या अशा अटीला त्यांच्याकडे उपाधी असे नाव आहे, आणि ओल्या लाकडाचे हे उदाहरण अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात आजही पहिल्या वर्षाची मुले वाचतात. दोषाचे नाव सांगून न थांबता कोणती अट गळली ते शोधा, ही नैयायिकांची सवय मला फार आवडते. काकूंच्या वाक्यातली गळलेली अट कोणती? “दुसऱ्या कशाने प्लेटलेट उतरत नसतील तर.”

इथे चार्वाकांचा खोचक प्रश्नही सांगायला हवा. जिथे धूर तिथे आग हे तुम्हाला कसे कळले? किती स्वयंपाकघरे पाहिलीत? सगळी पाहिली का, होऊन गेलेली आणि व्हायची असलेली? म्हणजे डोंगरावरचा तो ठणठणीत दिसणारा निष्कर्षही खाली कुठेतरी आंब्याच्या पेट्यांवरच उभा आहे. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात जवळपास हीच अडचण युरोपापुढे ठेवली, आणि तिचे सर्वांना पटेल असे उत्तर आजवर कुणाला देता आलेले नाही. प्रयोगशाळेतल्या नियमांनाही ही अडचण चुकलेली नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. भाच्याला खरेच डेंग्यू निघाला तर? निघू दे. निष्कर्ष खरा असणे आणि युक्तिवाद वैध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडलेले घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते, म्हणून कुणी ते दुरुस्त आहे असे म्हणत नाही. याची उलट बाजूही मुलांच्या घशाखाली सहजी उतरत नाही. सगळे मासे झाडावर चढतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर चढतो. हा युक्तिवाद वैध आहे. सांध्यात खोट नाही, पहिला आधार खोटा आहे. हे उदाहरण दिले की वर्ग दरवर्षी हसतो, आणि परीक्षेत निम्मे जण दरवर्षी ‘अवैध’ लिहितात.

पण काकूंना नापास करून मी थांबले असते तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता. त्यांचा ‘च’ काढून टाका. “डेंग्यूत प्लेटलेट उतरतात. याच्या उतरल्यात. म्हणजे डेंग्यू असू शकेल.” आता हा दोष उरला नाही. हा विगामी युक्तिवाद झाला, आणि डॉक्टर रोज दवाखान्यात याच जातीचा विचार करतात. लक्षणांवरून कारणाकडे जाताना रस्ता नेहमी उलटाच चालावा लागतो. फक्त चालताना आपण उलटे चाललो आहोत हे विसरायचे नसते. मग प्रश्न उरतो की हा सुगावा किती वजनाचा.

ते वजन मोजून दाखवायला मी वर्गात आकडे घेतले. आकडे मनचे आहेत, हिशेब कळावा म्हणून. समजा पावसाळ्यात एका दवाखान्यात तापाचे १०० रुग्ण आले आणि त्यातल्या ३० जणांना डेंग्यू आहे. डेंग्यूवाल्या ३० पैकी २४ जणांच्या प्लेटलेट कमी आहेत. उरलेल्या ७० जणांना दुसरे काहीतरी आहे, पण त्यांच्यातही २१ जणांच्या कमी आहेत. म्हणजे कमी प्लेटलेटवाले एकूण ४५, आणि त्यातले डेंग्यूचे २४. निम्म्याहून किंचित जास्त. रिपोर्ट हातात येण्याआधी शंका शंभरात ३० होती, आल्यावर ५३ झाली. वाढली खरी, पण ‘च’पासून अजून फार लांब आहे.

आता तोच रिपोर्ट जानेवारीत आला असे समजा. डास कमी झालेले, १०० पैकी डेंग्यू फक्त १० जणांना. त्यातल्या ८ जणांच्या प्लेटलेट कमी. उरलेल्या ९० पैकी, पूर्वीच्याच प्रमाणात, २७ जणांच्या कमी. एकूण ३५, त्यात डेंग्यूचे ८. चौघांत एकही धड भरत नाही. कागद तोच, ९६ हजारांचा आकडा तोच, काकूंचे वाक्यही अक्षर न बदलता तेच. तरी युक्तिवादाचे वजन निम्म्याहून खाली आले. निगामी युक्तिवादात असे कधी घडत नाही. त्याचा साचा पाहिला की निकाल लागतो. विगामीचा निकाल साचा पाहून लागत नाही, त्यासाठी बाहेर काय चालले आहे ते ठाऊक असावे लागते. म्हणून तर्कशास्त्राच्या शिक्षकाने तापात डॉक्टरकडे जावे. मी पाचव्या संध्याकाळी गेले.

डॉक्टरांनी सहाव्या दिवशी सकाळी एनएस-वन ही तपासणी करायला सांगितली आणि प्लेटलेट पुन्हा मोजायला सांगितल्या. प्लेटलेट ५२ हजारांवर आल्या होत्या. ताप मात्र उतरला होता. एनएस-वन निगेटिव्ह. खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि कागद वाचायची त्यांना हौस आहे. ते म्हणाले, “डेंग्यू असता तर ही टेस्ट पॉझिटिव्ह आली असती. आली नाही. डेंग्यू नाही, विषय संपला.”

हा साचा पाहा. अमुक असेल तर तमुक असते, तमुक नाही, म्हणून अमुक नाही. यात कुठलेही शब्द भरा, आधार खरे ठेवून निष्कर्ष खोटा पाडता येत नाही. पुण्यात राहणारा महाराष्ट्रात राहतो. हा महाराष्ट्रात राहत नाही. मग पुण्यात राहणे शक्य नाही. काकांचा युक्तिवाद वैध आहे. काकूंच्या वाक्यात सांधा निखळला होता आणि आधार ठीक होते. काकांचा सांधा पक्का आहे, पण आधार कच्चा. एनएस-वन हे विषाणूचेच एक प्रथिन. तापाच्या पहिल्या काही दिवसांत ते रक्तात भरपूर असते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास कमी होत जाते. सहाव्या दिवशीची निगेटिव्ह तपासणी पहिल्या दिवशीच्या निगेटिव्हइतकी बोलकी नसते. काकांच्या ‘असता तर आली असती’मध्ये ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द लपलेले होते. ते उघड लिहिले की आधार खोटा पडतो.

माझा अनुभव असा की सुशिक्षित माणसे काकूंसारखी कमी आणि काकांसारखी जास्त चुकतात. साचा इतका घोटीव असतो की आधाराकडे पुन्हा पाहावे असे वाटतच नाही. आणि अशा चुकीला तर्कदोष म्हणणे हीसुद्धा चूक. तर्कदोष सांध्यातला. आधार खोटा असेल तर ती माहितीतली चूक आहे, आणि ती माहितीनेच दुरुस्त होते.

डॉक्टरांनी आयजीएम ही आणखी एक तपासणी लिहून दिली, तेव्हा काकांनी आवाज खाली आणला. “लॅबशी साटंलोटं असतं गं यांचं. टेस्टवर टेस्ट लिहितात. लक्ष देऊ नकोस.” या प्रकाराला व्यक्तिलक्ष्यी दोष म्हणतात: म्हणणे बाजूला ठेवून म्हणणाऱ्यावर बोट ठेवायचे. आपल्या म्हणींतही त्याची सोय आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असे म्हटले की सांगणारा गप्प बसतो. ब्रह्मज्ञान खरे की खोटे हे मात्र जिथल्या तिथे राहते. तरी हा दोष मुलांना शिकवताना मी जरा जपून असते, कारण तो शिकल्यावर मुलांना माणसाबद्दलची प्रत्येक शंका दोष वाटू लागते. डॉक्टर नुसते “टेस्ट करा” म्हणाले असते, कारण दिले नसते, तर आपण त्यांच्या शब्दावर विसंबणार होतो. मग तो शब्द कुणाचा आहे, त्यात त्याचा काय लाभ आहे हे विचारणे रास्तच. साक्षीदाराला न्यायालयात हेच विचारतात. पण डॉक्टरांनी कारण दिले होते: सहावा दिवस उलटला की एनएस-वनवर विसंबता येत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे पाहायला हवीत. कारण एकदा समोर आले की ते कुणाच्या तोंडून आले याला महत्त्व उरत नाही. उद्या डॉक्टर लबाड ठरले तरी एनएस-वन सहाव्या दिवशी कमीच होणार आहे.

त्याच संध्याकाळी काकू वाटीत हिरवागार रस घेऊन आल्या. पपईच्या पानांचा. भाच्याने तोंड वाकडे करत तो घेतला. सातव्या दिवशी पुन्हा घेतला. आठव्या दिवशी प्लेटलेट १ लाख १० हजार. काकूंनी माझ्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. रस दिला, मग प्लेटलेट वाढल्या. म्हणून रसाने वाढल्या.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे आपण म्हणतो ते यालाच. संस्कृतात काकतालीय न्याय आहे, तिथे कावळा ताडाच्या झाडावर येतो आणि फळ पडते. आधी-नंतरच्या क्रमावरून कार्यकारणभाव काढण्याचा हा दोष इतका जुना आहे की प्रत्येक भाषेने त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवले असेल. पण म्हण सांगून हा दोष पटत नाही, काकूंना तर मुळीच नाही. त्या म्हणतील, हा काही कावळा नाही. आमच्या वहिनींना गुण आला, समोरच्या मुलाला आला, चौघांना आला. ही शितावरून भाताची परीक्षा आहे, आणि म्हणी तिच्याही बाजूने आहेत.

म्हणून शितापासूनच सुरुवात करू. एक शीत दाबून भात शिजला हे कळते, ते का? कारण पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ होते, आणि ते शीत आपण मुद्दाम निवडलेले नसते. काकूंची चार शिते तशी आहेत का? लोक रस केव्हा सुरू करतात ते पाहा. प्लेटलेट दीड लाख असताना कुणी पपईची पाने शोधायला जात नाही. ९६ हजारांवरही नाही. ५० हजारांच्या आसपास घर घाबरते, मग धावाधाव होते. डेंग्यूची स्वतःची चाल अशी की ताप उतरण्याच्या सुमारास प्लेटलेट तळाला जातात, आणि त्यानंतर, पुढे गुंतागुंत झाली नाही तर, काही दिवसांत आपोआप वर येऊ लागतात. म्हणजे रस नेमका तळाशी दिला जातो, आणि तळापासून पुढे चढच असतो. त्या दिवशी काकूंनी रसाऐवजी भाच्याच्या हाताला दोरा बांधला असता तरी त्याला गुण आला असता.

पपईच्या पानांत काही गुण आहे की नाही हा प्रश्न वेगळा, आणि या युक्तिवादाने तो दोन्ही बाजूंनी उघडाच राहतो. तो सोडवायची वाट जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली छापलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात नीट मांडून ठेवली आहे. बाकी सारे सारखे असलेल्या दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी हवी. सारख्याच दिवसावर, सारख्याच आकड्यावर असलेले पुष्कळ रुग्ण घ्यायचे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रस द्यायचा, निम्म्यांना नाही. आणि दोन्ही गटांची चढण मोजायची. रस न घेतलेलेही तितक्याच वेगाने चढले तर कावळा उडून जाईल. काकूंच्या चौघांत न घेतलेला एकही नव्हता. विगामी युक्तिवाद तपासताना मी मुलांना हेच आधी शोधायला सांगते. समोर आलेली उदाहरणे मोजायचे काम कुणीही करतो. जी उदाहरणे समोर यायला हवी होती आणि आली नाहीत, त्यांचे काय?

ही मोजणी करूनही विगामी निष्कर्षाला ‘च’ लागत नाही हे मात्र राहतेच. बर्ट्रांड रसेलने १९१२ साली एका कोंबडीचे उदाहरण दिले. रोज दाणे टाकणारा माणूस एक दिवस तिची मान मुरगाळतो. तिच्या बिचारीच्या हिशेबात काही चूक नव्हती. सगळी शिते तिने मोजली होती.

एवढे शिकवून झाले की पहिल्या वर्षाच्या मुलांना एक नवा रोग होतो, आणि त्याची लक्षणे साधारण दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी दिसतात. आई काही बोलली की “हा अमुक दोष”, बाबा काही बोलले की “तो तमुक दोष”. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने तर मला गाठून सांगितले, “मॅडम, काकूंचा युक्तिवाद सदोष होता. म्हणजे तुमच्या भाच्याला डेंग्यू नाहीच.” मी तिला तिचेच वाक्य फळ्यावर लिहायला लावले. अमुक कारणाने निष्कर्ष सिद्ध होत नाही. म्हणून निष्कर्ष खोटा. ते वाचता वाचता तिने स्वतःच खडू खाली ठेवला. वाईट वकिलाने लढवलेला माणूस तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही.

आयजीएमचा रिपोर्ट त्याच दुपारी आला. पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी कागदावर लिहिले होते, ‘प्रोबेबल डेंग्यू’. मी विचारले, पॉझिटिव्ह आली तरी प्रोबेबल का? ते म्हणाले की ही प्रतिपिंडे रक्तात दोन-तीन महिने टिकू शकतात. एका नमुन्यावरून अलीकडे केव्हातरी संसर्ग झाला एवढेच कळते, हा ताप त्याचाच असे ठाम म्हणता येत नाही. खात्री हवी तर दहा-पंधरा दिवसांनी दुसरा नमुना देऊन पातळी वाढली का ते पाहायचे. “पण पोरगं आता जेवायला लागलंय ना,” ते म्हणाले, “तर मी लिहून देणार नाही, तुम्हीही विचारू नका.”

घरी आले तर काकू दाराशीच होत्या. कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला.

“प्रोबेबल म्हणजे गं?”

“बहुतेक, काकू.”

“म्हणजे डेंग्यूच,” काकू म्हणाल्या आणि पेजेचे रिकामे भांडे घेऊन घरी गेल्या.